‘आता नंबर आपलाच’ असं मित्र म्हणाला की पुढे काय बोलायचं?

प्रश्न: मी ७८ वर्षांचा, ठाण्यात राहतो. तलावपाळीला सकाळी फिरणारा आमचा सात जणांचा ग्रुप होता, २००१ पासून. गेल्या सोळा महिन्यांत चार गेले. शेवटचा गेल्या महिन्यात. आता मी, एक मुलाकडे बंगलोरला आणि एक माझा जिवलग मित्र. तो तीन आठवडे खाली उतरलेला नाही, ऐकायलाही कमी येतं त्याला. भेटायला गेलो की म्हणतो ‘आता नंबर आपलाच’. मी म्हणतो ‘अरे काहीतरीच काय’, आणि मग आम्ही दोघं गप्प. शेवटी गेलेल्या मित्राच्या घरी भेटायला गेलो तेव्हा दगडासारखा बसलो, रडूसुद्धा आलं नाही. उलट परत येताना ‘आपण अजून आहोत’ असं वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली. पहाटे फोन वाजला की छातीत धस्स होतं. अशा वेळी एकमेकांना काय बोलायचं असतं, कोणी सांगेल का?

उत्तर:

नमस्कार. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात २९ वर्षं वैद्यकीय समाजसेविका होते, रिटायर झाल्यावर गेली अकरा वर्षं ठाणे-डोंबिवलीतल्या ज्येष्ठांच्या ग्रुपबरोबर बसते. स्वतः ६९ ची आहे, त्यामुळे हे सगळं काठावर बसून लिहितेय असं समजू नका.

आधी लाजेचं बघू, कारण ती मध्ये राहिली तर बाकीचं डोक्यात शिरणार नाही. बरोबरीचा माणूस गेला की ‘मी नाही, तो’ ही सुटका मनात येतेच, बहुतेक सगळ्यांच्या येते, फक्त कोणी बोलत नाही. भेटायला गेलेली म्हातारी माणसं काय विचारतात ते आठवा. वय काय होतं, शुगर होती का, कुठल्या हॉस्पिटलात नेलं, किती दिवस आयसीयूत होते. घरच्यांना वाटतं काय या चौकशा चालल्यात. पण ती नुसती चौकशी नसते हो, तो माणूस मनात आपलं शरीर त्याच्या शरीराशेजारी ठेवून बघत असतो, कुठेतरी फरक सापडावा म्हणून. ‘तो सिगरेट ओढायचा, मी ओढत नाही.’ फरक सापडला की जरा श्वास घेता येतो. तुम्हाला परत येताना जे वाटलं ते याच जातीचं आहे आणि त्याने मैत्री खोटी होत नाही.

रडू न येण्याचंही तसंच. रॉबर्ट कास्टेनबॉम म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६९ मध्येच लिहून ठेवलंय की म्हातारपणी मृत्यू एकामागोमाग इतके येतात की एकाचं दुःख निस्तरायच्या आत दुसरं येऊन बसतं, आणि मग माणूस बधिर दिसतो, चिडका होतो, अंगदुखीच्या तक्रारी करतो, पण रडताना काही दिसत नाही. त्यांनी याला दुःखाचा ओव्हरलोड म्हटलं. सोळा महिन्यांत चार म्हणजे सरासरी चार महिन्याला एक. तुम्ही चौथ्याच्या घरी दगडासारखे बसलात तेव्हा कदाचित दुसऱ्या-तिसऱ्याचंच अजून आत पडून होतं. बऱ्याच लोकांना मग रडू भलत्याच जागी येतं, मंडईत पेरू बघून किंवा सिरियलमधल्या कुठल्यातरी लग्नात. आलं तर येऊ द्या.

आणि आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे, ती म्हणजे मित्राला सुतक नसतं. चुलत चुलत्याला, कधी तोंड न बघितलेल्या भाऊबंदाला दहा दिवस सुतक, आणि पन्नास वर्षांचा दोस्त जवाहरबाग स्मशानभूमीतून घरी येतो, अंघोळ करतो, आणि रात्री सून विचारते, भाजी कुठली करू. दहाव्याला घाटावर कावळा शिवेना म्हणून घरचे ताटकळलेले असतात, तेव्हा त्या माणसाच्या मनात काय अडकलं असेल ते कधीकधी मित्रालाच नेमकं माहीत असतं, पण त्याला विचारतंय कोण. दुखवटा सगळा घरच्यांचा, मित्र हा भेटायला येणारा. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक केलं, समाज ज्याला दुःख म्हणून मान्यच करत नाही असं दुःख. मला ते वाचून फार नवीन काही वाटलं नव्हतं, सुतकाचा हिशोब आपल्याला लहानपणापासून पाठ असतो.

म्हणजे तुमच्या बाबतीत तुम्ही दोघंही सांत्वन करणारे नाही आहात, दोघंही दुखवट्यातले आहात. तुम्ही त्यांच्याकडे ‘धीर द्यायला’ जाताय, तेही तुम्हाला धीराचंच काहीतरी दाखवायचा प्रयत्न करतायत, आणि दोघांचं खरं बोलणं राहून जातंय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, ‘नंबर आपलाच’ म्हटल्यावर काय बोलायचं. मी एक भिशीची गोष्ट सविस्तर सांगते, त्यातूनच कळेल. ओळख पटू नये इतपत बारीकसारीक बदललंय, नावं घेत नाही, त्या आपापसात ज्या टोपणनावांनी बोलावतात तीच वापरते.

डोंबिवलीतली एक जुनी सोसायटी. नऊ बायकांची भिशी, नव्वदच्या दशकापासून चाललेली. महिन्याला एकीच्या घरी जमायचं, पैसे काढायचे, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम, यजमानीणबाईंची खिचडी नाहीतर दडपे पोहे आणि कॉफी. दीड-दोन वर्षांत तिघी गेल्या. एक कॅन्सरने, एक झोपेत, एक बाथरूममध्ये पडून खुबा मोडला आणि नंतर न्यूमोनिया. तरी उरलेल्या सहा जणींनी नवीन फेरी सुरू केली, महिना हजार रुपये. चार महिने झाले, चौघींची नावं निघाली, आणि बँकवाल्या ताई हार्ट अटॅकने गेल्या. त्यांचं नाव अजून निघालेलं नव्हतं. डब्यात दोनच चिठ्ठ्या राहिल्या होत्या, एक त्यांची आणि एक पोस्टवाल्या ताईंची.

त्यानंतर भिशी बंद पडली. बंद करू असं कोणी म्हटलं नाही, फक्त पुढची तारीख कोणी काढली नाही. पोस्टवाल्या ताई, वय ७९, मुलगा-सून कॅनडात, एकट्या राहणाऱ्या, त्यांनी खाली उतरणं सोडलं. फोनवर एकीला म्हणाल्या, ‘आता डब्यात माझीच एक चिठ्ठी राहिलीय बाई.’ आणि तिकडून उत्तर काय गेलं? ‘इश्श, काहीतरीच काय बोलता, तुम्ही शंभरी गाठणार!’

तुम्ही जे ‘अरे काहीतरीच काय’ म्हणता ना, तेच हे. यात वाईट हेतू काहीच नाही, प्रेमानेच बोलतो आपण. पण ऐकणाऱ्याला काय कळतं, तर हा विषय हिच्यापाशी काढायचा नाही. मग तो माणूस एकतर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, विनोद करून नाहीतर कुरकुर करून, किंवा बोलणंच सोडतो. वाक्य पुन्हा पुन्हा येतंय याचाच अर्थ त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही.

त्या भिशीतल्या शाळेच्या बाई, वय ८२, आमच्या ग्रुपला यायच्या. त्यांनी मला विचारलं की आता काय बोलू हिच्याशी. मी म्हटलं समजूत घालू नका, एवढंच विचारा, ‘नंबर आला तर कशाची जास्त धास्ती वाटते?’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं अवघड असतं, अर्धा मिनिटसुद्धा फार लांब वाटतो, तेव्हा हातात काहीतरी काम असू द्या, शेंगा सोला, वाटाणे सोला. शाळेच्या बाईंनी खरंच मटार नेले होते.

पोस्टवाल्या ताई आधी म्हणाल्या, धास्ती कसली, सगळं झालंय माझं. पाव किलो मटार सोलून होईपर्यंत काही नाही. मग म्हणाल्या, ‘मी रात्री गेले तर दोन दिवस कोणाला कळणार नाही. वास सुटल्यावर दार फोडतील. शेजारच्या इमारतीत झालं होतं तसं.’

आता बघा, सगळे समजत होते त्यांना मरणाची भीती वाटतेय आणि त्यावर शंभरी गाठण्याचे आशीर्वाद देत होते. त्यांची धास्ती मरणाची नव्हतीच, बंद दाराची होती. माझ्या अनुभवात सत्तरीच्या पुढच्या माणसांचं बहुतेक वेळा असंच निघतं. कोणाला अंथरुणाला खिळायची भीती असते, कोणाला आयसीयूतल्या नळ्यांची, कोणाला बायकोचं पुढे कसं होईल याची, आणि एका आजोबांना तर आपण शेवटचे उरू, सगळ्यांना पोचवून आपल्याला पोचवायला कोणी मित्रच नसेल याची. प्रत्येकाला लागणारं उत्तर वेगळं, म्हणून आधी विचारायला लागतं. एकच सगळ्यांना चालेल असं सांत्वनाचं वाक्य मला २९ वर्षांत सापडलं नाही.

बंद दाराला मात्र उपाय आहे. त्यांनी ठरवलं की रोज सकाळी आठ वाजता पोस्टवाल्या ताई शाळेच्या बाईंना मिस्ड कॉल देणार, उचलायचा नाही, पैसे नाहीत, बोलणं नाही. साडेआठपर्यंत आला नाही तर बाई फोन करणार, आणि किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये. पहिल्या दोन आठवड्यांत याचा फज्जा उडाला. एक दिवस मिस्ड कॉल राहिला, बाईंनी घाबरून थेट समोरच्यांना फोन केला, ते किल्ली लावून आत, आणि ताई अंघोळीला! जे काय भांडण झालं! ‘मला काय हजेरी द्यायची आहे का शाळेत’ म्हणून त्यांनी सगळंच बंद केलं होतं. मग नियम बदलले, आधी दहा मिनिटांच्या अंतराने दोन फोन, मग शेजाऱ्यांनी बेल वाजवायची, दार ठोकायचं, आणि त्यावरही आतून आवाज नसेल तरच किल्ली. शिवाय मिस्ड कॉल दोन्ही बाजूंनी सुरू केला, सव्वाआठला बाईंनी द्यायचा. ही दुरुस्ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण एकतर्फी काळजी म्हाताऱ्या माणसाला फार लवकर टोचायला लागते, आपण पेशंट झालो असं वाटतं. दोघींनी एकमेकींची हजेरी घेतली की ती मैत्री राहते.

भिशी बंद का पडली होती ते तर अजून वेगळंच निघालं. दुःख होतंच, पण मधे चार हजार रुपये अडकले होते. बँकवाल्या ताईंनी चार महिने भरलेले, त्यांचं नाव निघालेलं नाही, म्हणजे ते पैसे त्यांच्या मुलीला द्यायचे. कसे द्यायचे, अशा वेळी पैशाचं बोलायचं कसं, म्हणून प्रत्येकजण दुसरी बोलेल याची वाट बघत बसली आणि भेटणंच टळलं. तुमच्या ग्रुपातही असं काही अडकलंय का बघा, उसने घेतलेले पैसे, एखादं पुस्तक, सहलीचा ॲडव्हान्स, कोणाची तरी छत्री. दुःखापेक्षा असल्या संकोचानेच माणसं तुटतात हे मी कितीदा तरी पाहिलंय.

हिशोब सोपा होता. ज्या चौघींनी रक्कम उचलली होती त्यांनी प्रत्येकी हजार परत काढले, झाले चार हजार. पाकीट घेऊन पाचजणी मुलीकडे गेल्या, तेराव्यानंतर महिन्याभराने. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की ‘फार चांगल्या होत्या तुमच्या आई’ कोणी म्हणू नका, ते तिने शंभर वेळा ऐकलंय. प्रत्येकीने तिच्या आईची एक घडलेली गोष्ट सांगायची, तिथे मुलगी हजर नव्हती अशी. एकीने सांगितलं, ‘तुझ्या टायपिंगच्या क्लासची फी तुझ्या आईने भिशीतून भरली होती, नाव माझं निघालं होतं, तिने माझ्याकडून नंबर बदलून मागून घेतला आणि तुझ्या बाबांना सांगायचं नाही म्हणाली.’ मुलीला हे माहीतच नव्हतं. ती रडली, त्यासुद्धा रडल्या, आणि मग तिने चहा टाकला आणि अजून सांगा म्हणाली. दोन तास बसल्या होत्या.

मित्राने करायचं सांत्वन म्हणाल तर ते हे. घरच्यांकडे त्या माणसाचं घरातलं आयुष्य असतं, बाहेरचं तुमच्याकडे असतं. तुमच्या चौथ्या मित्राच्या घरी तुम्ही दगडासारखे बसलात ते काही बिघडलं नाही, पहिल्या तेरा दिवसांत तिथे इतकी गर्दी असते की कोण बसलं कोण गेलं कोणाला आठवत नाही. पुन्हा जा. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, विसाव्या-पंचविसाव्या दिवशी तर फोनसुद्धा वाजेनासा होतो. तेव्हा जाऊन तलावपाळीची एक गोष्ट सांगा, बारीक तपशिलासकट, कुठल्या बाकावर, काय बोलला, चहाचे पैसे कोणी दिले. गुडघ्यांमुळे जाणं होत नसेल तर नातवाला सांगून फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पाच मिनिटांचा. हात थरथरतो म्हणून पत्र लिहायचं राहून जातं, आवाजाचं तसं होत नाही. पहिल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलात तर अजून चांगलं, त्या घरी गोडधोड करत नाहीत आणि बाहेरच्यांनी न्यायचं असतं हे आता नव्या लोकांना फारसं माहीत नसतं.

पाचव्या महिन्याची भिशी पोस्टवाल्या ताईंच्या घरीच झाली, डब्यातली उरलेली चिठ्ठी त्यांनी स्वतः काढून वाचली, रक्कम घेतली आणि म्हणाल्या, ‘आला बाई नंबर.’ सगळ्या हसल्या. त्याच विनोदावर आधी सगळ्या दचकत होत्या. विनोद करणाऱ्याची मूळ गोष्ट एकदा ऐकून घेतली की मग हसायला हरकत नसते, त्याआधी हसलं किंवा गप्प केलं तर मात्र लागतं.

त्या पाचजणींत एकीला विसरायचा आजार सुरू झालाय, ती दर वेळी विचारते बँकवाल्या का नाही आल्या. सुरुवातीला सगळ्या तिला खरं सांगायच्या आणि ती दर महिन्याला नव्याने तेच रडायची. आता म्हणतात, ‘त्यांची आठवण आली ना? त्या काय आणायच्या सांगा बघू,’ आणि ती अळूवड्यांवर बोलत बसते. ही फसवणूक आहे का यावर आमच्यात वाद आहेत, मला तरी दर महिन्याला माणसाच्या काळजावर घाव घालण्यात काही खरेपणा दिसत नाही.

आता पहाटेचा फोन. याला नुसतं मनाला समजावून उपयोग नाही, व्यवस्था बदलावी लागते. जुन्या मित्रांच्या बातम्या हल्ली व्हॉट्सॲपवर येतात, कोणीतरी फोटोला हार घालून भावपूर्ण श्रद्धांजली टाकतो आणि एखाद्याला चहाचा कप हातात असताना ते कळतं. हार्टच्या माणसाला हे खरंच धोक्याचं असू शकतं. बोस्टनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये जवळपास दोन हजार हार्ट अटॅकच्या पेशंटांचा अभ्यास छापला होता, जवळचं माणूस गेल्याच्या पहिल्या २४ तासांत अटॅकचा धोका एरवीपेक्षा एकवीसपट दिसला, आणि पुढे रोज कमी होत गेला. आकडा ऐकून घाबरू नका, एरवीचा एका दिवसाचा धोका मुळात फार लहान असतो, त्याचा एकवीसपट म्हणजेसुद्धा बहुतेकांना काही होत नाही. पण त्या दिवशी गोळ्या चुकवायच्या नाहीत, उपाशी राहायचं नाही, उन्हात स्मशानात तासभर उभं राहायचं नाही, आणि छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर ‘दुःखाने होतंय’ म्हणून घरी बसायचं नाही, सरळ दवाखाना. नव्वदच्या सुमारास जपानी डॉक्टरांनी ताकोत्सुबो नावाचा प्रकार ओळखला, धक्क्याने हृदयाचा भाग फुगून अगदी हार्ट अटॅकसारखं होतं, जास्त करून वयस्क बायकांना. घरी बसून दोन्हींतला फरक कळत नाही.

म्हणून आपसात ठरवून टाका. आता तिघंच आहात, सोपं आहे. वाईट बातमी असेल तर आधी घरातल्या तरुण माणसाला फोन, त्याने शेजारी बसून सांगायचं, ग्रुपवर टाकायचं ते नंतर. आणि रात्री अकरा ते सकाळी सात बातमी द्यायची नाही, रात्री कळलं तरी सकाळीच सांगायचं, अंत्यदर्शन चुकलं तरी चालेल असं प्रत्येकाने स्वतःबद्दल आधीच सांगून ठेवायचं. ज्याला चालणार नाही त्याने तसं सांगायचं. असं ठरलं की पहाटेचा फोन म्हणजे राँग नंबर किंवा दूधवाला, आणि काही आठवड्यांनी छातीला ते पटायला लागतं.

बंगलोरच्या मित्राला विसरू नका. तो लांब आहे म्हणजे त्याला कमी दुःख असं नसतं, उलट तो बहुधा एकाच्याही अंत्यविधीला नसेल, त्याच्या मनात चौघंही अजून तलावपाळीवर चालत असतील. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेला फोन करा, ‘करतो कधीतरी’ नको.

आता तुमचे मित्र तीन आठवडे उतरलेले नाहीत, इथे जरा सावध. दुःखातला माणूस लाटेसारखा असतो, सकाळी ढासळतो, दुपारी नातवाच्या एखाद्या वाक्यावर हसतो, जेवण कमी होतं पण आवडीचं समोर आलं तर दोन घास जास्त जातात. डिप्रेशनमध्ये लाट नसते, सगळं सपाट. आणि म्हातारपणी ते उदासीसारखं दिसतही नाही, पोट साफ नाही, झोप नाही, काही लक्षात राहत नाही, अंग दुखतं असं दिसतं, घरचे म्हणतात वयाने होतंय. बघायचं काय, तर पायजमा कमरेवर सैल झालाय का, दाढी किती दिवसांची आहे, बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या पाकिटात जितक्या संपायला हव्यात तितक्या संपल्यात का. गोळ्या सोडून देणं हे मी सर्वात गंभीर धरते, कारण त्यात माणूस काही न बोलता निघायची तयारी करत असतो. असं सपाट दोन आठवड्यांहून जास्त दिसलं तर फॅमिली डॉक्टरना सांगा, त्यांच्याकडे पंधरा प्रश्नांची एक सोपी यादी असते, दहा मिनिटांत अंदाज येतो, आणि यावरची औषधं या वयातही काम करतात.

‘देवाने न्यावं आता’ असं आपल्याकडे निम्मी म्हातारी माणसं म्हणतात, त्याने घाबरू नका, पण ते ऐकून सोडूनही देऊ नका. सरळ विचारा, ‘स्वतःहून काही करायचं मनात येतं का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. हो म्हणाले, गोळ्या साठवलेल्या दिसल्या, किंवा अचानक कागदपत्रं-दागिने वाटायला लागले, तर त्याच दिवशी त्यांच्या मुलाला सांगायचं, मैत्रीतलं गुपित म्हणून ठेवायचं नाही, आणि त्यांना एकटं सोडायचं नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी वेगळी एल्डरलाइन १४५६७. हे नंबर तुम्ही स्वतःसाठीही वापरू शकता.

हे सगळं नसेल, आणि तुमच्या पत्रावरून मला साधारण नसेलच असं वाटतंय कारण माणूस अजून ‘आपलाच’ म्हणतोय, ‘माझा’ नाही, तर त्यांना तलावपाळीला ओढून नेऊ नका. तिथे चार रिकाम्या जागा आहेत. पहिल्यांदा बिल्डिंगच्या गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग कधीतरी तलावाच्या दुसऱ्या बाजूने, जुना बाक लागणार नाही अशा बाजूने. बाकावर बसायचं तेव्हा तेच सुचवतील. बसलात तर गेलेल्यांची नावं घेऊन बोला, आडून आडून नको, ‘तो असता तर आता महागाईबद्दल बोलला असता’ असं साध्या आवाजात. नाव टाळलं की ती जागा जास्त मोठी होते.

आणि त्यांनी पुन्हा नंबरचं काढलं तर मटार न्या किंवा नेऊ नका, पण विचारा कशाची धास्ती आहे, आणि ते विचारतील तेव्हा तुमचीही सांगा. तुम्ही पत्रात चौघांबद्दल लिहिलंत, मित्राबद्दल लिहिलंत, तुम्हाला स्वतःला कशाची वाटते ते कुठे लिहिलं नाहीत. जर ते आयसीयूचं, नळ्यांचं निघालं तर त्याला कायद्यात वाट आहे, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे बरं व्हायची आशा नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही करून ते करता येतं. दोघं मिळून केलंत तरी चालेल. मी आणि माझ्या मैत्रिणीने एकाच दिवशी केलं, नंतर मिसळ खाल्ली.

जायचं कधी, तर दुपारी चारनंतर, झोप झालेली असते आणि घरात टीव्ही सुरू झालेला नसतो. ऐकू कमी येतं म्हणताय तर समोर बसा, शेजारी नाही, पंखा मोठा असेल तर बारीक करा, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी कानातलं मशीन लावलंय का आणि त्यात सेल आहे का ते बघा. ‘आम्ही दोघं गप्प’ यातलं थोडं कदाचित त्या सेलमुळेही असेल.